कथेतला हिशोब तपासून हवा: डबा कितीला पडतो?

सीमेवरचा

गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी एक छोटी कथा लिहिली आहे. भाषेबद्दल बोलायचं ते बोलाच, पण मला मुख्यतः त्यातला हिशोब तपासून हवाय. आमच्याकडे कथा वाचणाऱ्यांपेक्षा आकडे खोडणारे जास्त आहेत. कथा काल्पनिक आहे, भाव साधारण बाजारातले धरलेत.

*बावीस रुपये*

शेवंता बारा वर्षांनी पुण्याहून परत आली. हडपसरला ती तीन घरच्या पोळ्या करायची. तिथं पीठ मालकिणीचं, गॅस मालकिणीचा, भाजी मालकिणीची. हिचा फक्त हात. त्यामुळं स्वयंपाक किती वेळात होतो हे तिला मिनिटाला ठाऊक होतं. तो कितीला पडतो, हे विचारायची वेळच आली नव्हती.

गाव बेळगावजवळच्या यळ्ळूरच्या बाजूचं. तिथून उद्यमबागेतल्या कारखान्यांत दुपारचे चोवीस डबे जाऊ लागले. तीन चपात्या, एक भाजी, आमटी, भात, शेंगदाण्याची चटणी. डबा साठ रुपये.

महिना झाल्यावर तात्या आले. तात्यांनी उभा जन्म एका कारखान्याच्या कँटीनचं स्टोअर सांभाळलं. उंबऱ्यात बसूनच त्यांनी विचारलं,

"काय गे शेवंता, डबा कितीला पडतोय तुला?"

"बावीसला, तात्या. साठाला देतो."

"बावीस कोण म्हणालं?"

"मीच लिवलोय की वहीत."

वहीत लिहिलं होतं. गहू ११० ग्रॅम, चार रुपये. तांदूळ ८० ग्रॅम, चार चाळीस. तूरडाळ ३० ग्रॅम, तीन नव्वद. भाजी १२० ग्रॅम, चार ऐंशी. तेल तीन रुपये, तिखटमीठ दोन. बेरीज बावीस रुपये दहा पैसे.

"आज भाजी काय?"

"फ्लॉवर. पाच किलो आणलो, चाळीसनं."

"चिरलास?"

"चिरून धुऊन ठेवलोय."

तात्यांनी काटा मागवला. चिरलेला फ्लॉवर भरला दोन किलो आठशे. पाला आणि दांडे परसात म्हशीपुढं पडले होते.

"वहीत तू चोवीस डब्यांची भाजी धरलीस एकशे पंधरा रुपयांची," तात्या म्हणाले. "आणि खिशातनं गेले दोनशे. हा फ्लॉवर चाळीसचा न्हवं. एकाहत्तरचा. आज म्हशीनं अठ्ठ्याऐंशी रुपये खाल्ले."

शेवंता म्हशीकडं बघत राहिली. म्हैस खात होती.

मग पीठ निघालं. गहू छत्तीसचा, पण दळण पाच रुपये आणि निवडून-चाळून जाणारं वेगळं. पीठ पडलं बेचाळीसला. चटणी "घरचीच की" म्हणून तिनं मोजलीच नव्हती. शेंगदाणे, लसूण, खोबरं, ब्याडगी मिरची धरली तसे तिखटमिठाचे दोनाचे चार झाले. भाजी रोज फ्लॉवर नसते, म्हणून महिन्याची सरासरी काढली, ती आली सात ऐंशी. बावीसचे अठ्ठावीस झाले.

"आणि गॅस?"

"गॅस हाय की."

"हाय म्हंजे फुकट हाय?"

तात्यांनी निळ्या सिलिंडरवर खडूनं तारीख घातली. एकोणीस किलोचा, एकोणीसशेला आणलेला. तो बरोबर एकोणीस दिवस चालला. रोज शंभर रुपये, डब्याला चार. साबण, घासणी, काडेपेटी एक रुपया. बावीसचे तेहेतीस झाले.

"साठातनं तेहेतीस गेले, राहिले सत्तावीस," शेवंता म्हणाली. "चोवीस डबे, सव्वीस दिवस. सोळा हजार आठशे अठ्ठेचाळीस."

हडपसरच्या तीन घरांत मिळून एवढे कधी सुटले नव्हते. तिनं आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

उद्यमबागकर

छान. या ताईंचा नंबर मिळेल काय? आमच्या शॉपमध्ये सहा जण आहोत. दोघांना चपातीऐवजी जोंधळ्याची भाकरी लागते, जमेल का विचारा.

सीमेवरचा

अहो, कथा आहे ती. शेवंता नाही कुठं.

उद्यमबागकर

बरं बरं. पण मग साठला तीन चपात्या आणि भात देणारं खरं कोण असेल तर कळवा.

भाऊ_निपाणी

हिशोब अगदी बरोबर. खानावळीचा जुना नियमच आहे, किराण्याच्या दुप्पट भाव ठेवायचा. अठ्ठावीस दुणे छप्पन्न, वर चार रुपये सुटे. साठ योग्य. बाकी गॅस-बिस, पोरगं, गाडी सगळं त्या दुपटीत बसतं. एवढं ग्रॅममध्ये मोजायला गेलं तर स्वयंपाक कधी करायचा? कथेत काही बदलू नका.

काटा_तराजू

सीमेवरचा, फ्लॉवरचा भाग चोख आहे. पानासकट घेतलेल्या फ्लॉवरचा निम्म्याच्या थोडा वर माल हाती लागतो, तुमचं छप्पन्न टक्के पटण्यासारखं आहे. सोललेल्या मटाराचं त्याहून वाईट, मेथीचे देठ टाकले तर तीही त्याच वाटेची. गवार, दुधी, बीन्स यांत कमी जातं. म्हणूनच बाजारात साठची गवार महाग आणि चाळीसचा फ्लॉवर स्वस्त वाटतो, पण गवार साफ करून सदुसष्टला पडते आणि फ्लॉवर एकाहत्तरला. शेवंतानं खरेदीची पाटी न बघता चिरलेल्या भाजीचं वजन बघायला सुरुवात केली, की तिचा अर्धा अभ्यास झाला.

पण तुमचे तात्या मधेच उठून गेले. त्या १६,८४८ खाली रेघ मारता येणार नाही. तो सगळा पैसा तिचा नाही.

तेहेतीस रुपये हा खर्च डब्याबरोबर वाढतो आणि डब्याबरोबर घटतो. एक डबा कमी तर तेहेतीस कमी. (गॅस अगदी तसा घटत नाही. दोन डबे कमी झाले म्हणून कुकर कमी वेळ चालत नाही. पण कथेपुरतं चालेल.) याशिवाय काही खर्च असे असतात की चोवीस डबे गेले काय आणि दहा गेले काय, महिना भरला की द्यावेच लागतात. तुमच्या कथेत डबे उद्यमबागेत पोचतात, पण नेतो कोण? सकाळी बहात्तर चपात्या आहेत. लाटून भाजून एका बाईच्या तासाला चाळीस-पन्नास होतात. भाजी-आमटी बघत शेवंता एकटी हे साडेअकराच्या आत उरकते कशी? आणि डबे आले कुठून?

तुमच्याच गावात धरून बघू. पोचवणारा पोरगा, त्याच्या गाडीच्या पेट्रोलसकट, महिना साडेचार हजार. चपातीला अर्ध्या दिवसाची बाई, पाच हजार. डब्यांचे दोन संच लागतात, कारण आजचा रिकामा डबा उद्या परत येतो. म्हणजे अठ्ठेचाळीस डबे, साडेतीनशेप्रमाणे १६,८००. दोन वर्षं टिकले तर महिन्याला ७००. शेगडी, पातेली, परात, पोळपाट मिळून पंधरा हजारांची भांडी तीन वर्षं धरली तर महिन्याला चारशेच्या आसपास. फोन, लाइट, हरवलेली झाकणं असे चारशे. सगळे मिळून अकरा हजार.

१६,८४८ मधून ११,००० गेले. उरले ५,८४८.

आता उलटं विचारा. अकरा हजार भागायला किती डबे लागतात? ११,००० भागिले २७, म्हणजे महिन्याला ४०८. सव्वीस दिवसांनी भागा, रोजचे सोळा. पहिले सोळा डबे पोरगा, बाई आणि भांड्यांचे. शेवंताचे फक्त वरचे आठ. कथेत हे एक वाक्य तात्यांच्या तोंडी आलं तर कथा पुढं सरकेल.

काटा_तराजू

भाऊ, तुमचा दुपटीचा नियम खोटा नाही, पण तो ज्या खानावळींतून आलाय तिथं रोज शंभर पानं उठतात. बाई-पोराचा खर्च शंभरांवर वाटला तर डब्याला पाच-सात रुपये येतो, म्हणून तो दुपटीत बसतो. इथं अकरा हजार ६२४ डब्यांवर वाटायचे आहेत, डब्याला साडेसतरा रुपये. अठ्ठावीस, पाच आणि साडेसतरा मिळून साडेपन्नास झाले. साठातले साडेनऊ राहिले, त्यात शेवंताची स्वतःची मजुरी अजून धरलेली नाही.

भाऊ_निपाणी

मग डबे वाढवायचे, सोपं आहे. चाळीस केले की झालं. चाळीस गुणिले सव्वीस, १,०४०. गुणिले सत्तावीस, अठ्ठावीस हजार ऐंशी. अकरा वजा करा, सतरा हजार हातात.

काटा_तराजू

चाळीस डब्यांच्या चपात्या होतात एकशे वीस. आत्ताची बाई आणि शेवंता मिळून ते होत नाही, दुसरी बाई लागते, आणखी पाच हजार. पोरगा एका फेरीत चाळीस डबे गाडीला लावू शकत नाही. दोन फेऱ्यांचे दीड हजार वाढवून मागेल. अकराचे साडेसतरा हजार झाले. हातात १०,५८०. चोवीसपेक्षा चांगलंच आहे, ते मान्य. पण तुमचा खड्डा मधे आहे. सव्वीस-सत्तावीस डब्यांवर दुसरी बाई ठेवली आणि गिऱ्हाईक तिथंच थांबलं, तर चोवीसला जे सुटत होतं तेही सुटणार नाही. म्हणून दुसरी बाई ठेवायच्या आधी पस्तीस नावं पक्की हवीत.

आक्काताई

मला दोन गोष्टी खटकल्या.

एक, तांदूळ. यळ्ळूरच्या बाजूचं गाव म्हणता, म्हणजे घरचं भात असणार. तिकडचा बासमती साठच्या डब्यात कोणी घालणार नाही, पण साधा तांदूळ तरी घरचा असेल. मग डब्याला चार चाळीस कशाला लावले? घरच्या मालाला कसला भाव?

दुसरी, तिची मजुरी. घरच्या बाईनं घरच्या चुलीवर केलेल्या कामाला मजुरी धरायची पद्धत आमच्याकडे तरी नाही.

काटा_तराजू

तांदळाला भाव लावायचाच, आक्का. तो डब्यात गेला नसता तर व्यापाऱ्याला विकला असता. प्रश्न एवढाच की कुठला भाव. दारात व्यापारी ४२ देत असेल आणि दुकानात तोच ५५ ला मिळत असेल, तर घरचं पोतं आहे तोवर ४२ धरा, पोतं संपलं की ५५. किलोमागं तेरा रुपये म्हणजे डब्याला रुपयाभर, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. पण डब्याचा भाव ठरवताना मी ५५ च धरीन. नाहीतर पोतं संपेल त्या महिन्यात भाव वाढवायचं कारण गिऱ्हाइकाला काय सांगणार?

मजुरीचं खाली लिहितो, त्याआधी एक मोठं भोक राहिलंय.

आक्काताई

५५ चं मला अजून पटत नाही. आपल्या शेतातलं आपल्याच घरात वापरायचं, आणि वहीत दुकानाचा भाव. असो. भोक कुठलं?

काटा_तराजू

खाडे.

सीमेवरचा, तुमची सगळी चोवीस माणसं सव्वीसही दिवस जेवली आहेत. असा महिना येत नाही. कोणाची संकष्टी, कोणाचा सोमवार, कोणी आजारी, कोणाच्या गावची जत्रा. जत्रा असली की त्या गावची पोरं एकदम चार दिवस गायब. माणशी तीन खाडे धरा, बहात्तर झाले.

खाड्याचे पूर्ण साठ रुपये बिलातून वजा करायचे अशी सगळीकडे रीत आहे. आता दोन प्रकार बघा. गडी आदल्या रात्री म्हणाला "उद्या नको", तर शेवंताचे तेहेतीस वाचले, बुडाले सत्तावीस. पण सकाळी दहाला फोन आला तर भाजी झाली, चपात्या झाल्या, काही वाचलं नाही. तिथं पूर्ण साठ बुडाले. डबा मात्र दोन्हींत एकच रिकामा.

निम्मे रात्री कळले, निम्मे सकाळी. छत्तीस गुणिले सत्तावीस, ९७२. छत्तीस गुणिले साठ, २,१६०. मिळून ३,१३२.

५,८४८ मधून ते काढा. २,७१६.

आता मजुरी, आक्का. बाजार, चिरणं, रांधणं, डबे भरणं, परत आलेले घासणं हे सहा तासांच्या खाली होत नाही. सव्वीस दिवसांचे १५६ तास. २,७१६ भागिले १५६, तासाला सतरा रुपये. मजुरी धरायची नसेल तर नका धरू, पण हा आकडा वहीत दिसू दे.

सीमेवरचा

२३,७१२ पासून निघालो होतो हो! (पहिल्या खर्ड्यात ती बावीसच्याच हिशोबानं खूश होते असं होतं.) २,७१६ वर आलो. मग शेवटी तिनं काय करायचं? भाव पासष्ट?

भाऊ_निपाणी

पासष्ट केले तर निम्मे सोडून जातील. उद्यमबागेच्या नाक्यावर पन्नासला राइस प्लेट मिळते.

काटा_तराजू

निम्मे जाणार नाहीत, पण काही जातील. त्याआधी तिनं खाड्याचा नियम बदलावा. रात्री आठच्या आत सांगितलं तर खाडा धरणार, आणि वजा तेहेतीसच करणार. आठनंतर सांगितलं तर खाडा नाही.

आकडे ताडून बघा. पाच रुपये भाव वाढवला तर ६२४ वजा ७२, म्हणजे ५५२ डब्यांवर २,७६० मिळतात. खाड्याचा नियम पाळला गेला तर बुडणारे ३,१३२ परत येतात. म्हणजे भावाला हात न लावता त्याहून जास्त. आणि जो रोज जेवतो त्याच्या खिशाला काही लागत नाही.

उद्यमबागकर

हे मात्र अन्याय होईल. फाउंड्रीत कधी कधी सकाळी गेटवर गेल्यावर कळतं, आज काम नाही, परत जावा. रात्री आठला आम्ही कुठनं सांगणार? त्या दिवसाचा पगार पण गेला आणि डब्याचे साठ पण द्यायचे?

काटा_तराजू

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. काही ठिकाणी महिन्यात एक उशिराचा खाडा माफ करतात. चोवीस जणांनी तो घेतला तर चोवीस गुणिले साठ, १,४४० परत गेले.

सीमेवरचा

किंवा परत आलेल्या माणसानं डबा घरी न्यावा? गेटवर पोचलेलाच असतो ना तो.

उद्यमबागकर

डबा बाराला येतो, आम्हाला आठला हाकलतात.

खानापूरवाली

मी शेवया आणि सांडगे करून विकते. ढगाळ दिवस आला की वाळायला घातलेलं आंबतं, ते टाकावं लागतं. ते नुकसान त्या दिवसात धरायचं की सगळ्या किलोंवर वाटायचं? इथं विचारलेलं चालेल ना?

काटा_तराजू

हंगामभरात किती किलो घातलं आणि किती विकायला उरलं ते मांडा, आणि सगळा खर्च उरलेल्या किलोंवर वाटा. फ्लॉवरचंच गणित आहे, फक्त म्हशीच्या जागी ढग.

आक्काताई

कथेबद्दल एक सुचवते. शेवंताला पोरगा ठेवायची काय गरज? कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, २०२३ च्या जूनपासून. तिनं स्वतःच बसनं न्यावेत डबे. साडेचार हजार वाचले.

सीमेवरचा

माझ्या खर्ड्यात तसंच होतं, काढून टाकलं. शक्ती योजनेला कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. ही बारा वर्षं पुण्यात, आधारवर हडपसर. कंडक्टर तिकीट फाडणारच.

आक्काताई

अगोबाई, हे सुचलंच नाही. ते घाला की कथेत! पत्ता बदलून आणते म्हणावं.

काटा_तराजू

पत्ता बदलला तरी चोवीस डबे घेऊन भरलेल्या बसमध्ये चढायचं, उतरून शॉपशॉपला वाटायचे आणि पुन्हा परतायचं, यात दोन तास जातात. त्या दोन तासांत भांडी कोण घासणार? शिवाय बस चुकली तर चोवीस माणसं उपाशी. पण साडेचार हजार ही तिच्या आजच्या कमाईपेक्षा मोठी रक्कम आहे, म्हणून मी सरळ नाही म्हणणार नाही. एक महिना करून बघण्यासारखं आहे.

आणि एक, शेवटी तात्यांना रिकामे डबे उघडायला लावा. परत आलेल्या डब्यात काय उरतं ते आठवडाभर काट्यावर घालायचं. बहुतेक वेळा भात उरतो. ८० ग्रॅमचा भात शिजून दोनशेच्या वर होतो, तीन चपात्यांवर तो सगळ्यांना संपत नाही. माणशी वीस ग्रॅम तांदूळ कमी केला तर डब्याला एक रुपया दहा पैसे वाचतात, आणि उरलेला भात धुताना मोरी तुंबते तेही वाचतं. फक्त सगळ्यांचा कमी करायचा नाही. डब्यावर खूण करायची, ज्याचा उरतो त्याचाच कमी.

भाऊ_निपाणी

भात कमी केला की बोंब होते. त्यापेक्षा भाजीत बटाटा वाढवा. बटाट्याचं काही जात नाही, साल सोडली तर.

काटा_तराजू

हे बरोबर बोललात. आणि गणेशचतुर्थीच्या सुमाराला, गोव्याची खरेदी वाढून इथल्या भाज्यांचे भाव चढतात, तेव्हा बटाटा आणि कडधान्याची उसळ यांवरच महिना काढावा लागतो. सरासरी सात ऐंशी तेव्हा टिकत नाही.

सीमेवरचा

शेवट बदलला. दोन रेघा मारून वही मिटते, तिथून पुढं असा:

तात्या उठले नाहीत. "वही उघड," म्हणाले. "पोराचा पगार कुठं लिवलास?"

तासाभरानं पानावर २,७१६ उरले. शेवंतानं ते दोनदा मांडून बघितलं. मग कोपऱ्यात परत आलेल्या डब्यांची चवड होती, तिच्यातला वरचा डबा तिनं उघडला. तळाला भात होता. तिनं तो ताटलीत काढून काट्यावर ठेवला.

"पंचावन्न," ती म्हणाली, आणि दुसरा उघडला.

चालेल का? खाड्याचा नियम अजून घातलेला नाही, उद्यमबागकरांचं ऐकल्यापासून अडलोय.

आक्काताई

चालेल. पण तो भात म्हशीला घातला की नाही ते लिहा.

उद्यमबागकर

आणि भाकरीचं?